लिहिलं मी, मग पुसता का येत नाही?

पत्र

"मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. नोकरी नवी होती तेव्हा, 2017 मध्ये, स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर स्वतःच्या खऱ्या नावाने एक प्रश्न टाकला होता. त्यातल्या कोडमध्ये आमच्या ग्राहक कंपनीचं नाव आणि टेबलांची खरी नावं तशीच राहून गेली. तीन जणांनी उत्तरं दिली, त्यातलं एक मी स्वीकारलं. शिवाय दुसऱ्या कोणाच्या प्रश्नाखाली माझं एक उत्तर आहे. ते आज वाचलं की लाज वाटते, पण प्रश्न विचारणाऱ्याने तेच स्वीकारलेलं आहे. दोन्ही काढायचा प्रयत्न केला, पण साइट काढू देत नाही. शेवटी वैतागून प्रश्नातला सगळा मजकूर काढून नुसती टिंबं टाकली, तर कोणीतरी जुना मजकूर परत आणला आणि मला ताकीद आली. लिखाण माझं, हक्क माझा, मग ते काढता का येत नाही? खातंच बंद करून टाकू का?"
— नाव न छापण्याची विनंती, पुणे

उत्तर

खातं आत्ता बंद करू नका. तुम्हाला ज्याची खरी भीती आहे, ते त्याने जाणार नाही. उलट तो मजकूर दुरुस्त करायचं जे एकमेव साधन हातात आहे, तेही जाईल.

आधी त्या `Delete` बटणाबद्दल सांगते, कारण सगळा राग त्याच्यावर आहे. समजा ते चाललं असतं, तर काय झालं असतं? स्टॅक ओव्हरफ्लोवर काढलेला प्रश्न नष्ट होत नाही, तो झाकला जातो. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत नाही, पण साइटवरच्या मॉडरेटरांना दिसतो आणि ज्यांचं रेप्युटेशन, म्हणजे इतरांच्या मतांतून जमलेले गुण, 10,000 च्या वर आहे अशा सगळ्या सदस्यांना दिसतो. अशा सदस्यांची संख्या थोडीथोडकी नाही. म्हणजे ग्राहकाचं नाव तिथेच राहिलं असतं, फक्त त्यावर पडदा आला असता. तुम्हाला प्रश्न काढायचा नाहीये, त्यातलं एक नाव आणि काही टेबलांची नावं काढायची आहेत. ते काम `Delete` पेक्षा पक्कं करणारी वेगळी सोय त्याच साइटवर आहे. तिच्याकडे येतेच.

बटण अडलं का, तर प्रश्नावर एकाहून अधिक उत्तरं आली असतील, किंवा एकाच उत्तराला कोणी वरचं मत दिलं असेल, किंवा तुम्ही एखादं उत्तर स्वीकारलं असेल, तर विचारणाऱ्याला तो प्रश्न स्वतःहून काढता येत नाही. तुमच्या बाबतीत तीन उत्तरं आहेत आणि त्यातलं एक स्वीकारलेलंही आहे. प्रश्न काढला की त्याखालची सगळी उत्तरं त्याच्याबरोबर झाकली जातात. त्या तिघांनी आपला वेळ खर्चून, कदाचित कोड चालवून बघून, तुम्हाला वाट दाखवली. आजही त्याच अडचणीत सापडलेला कोणीतरी शोधत शोधत त्या उत्तरापर्यंत येत असेल. ते लिखाण त्यांचं आहे, आणि ते गायब करायचा निर्णय एकट्या तुमच्या हातात नसावा, असं साइटने ठरवलं आहे. मला हा नियम रास्त वाटतो. प्रश्न टाकून उत्तर मिळालं की प्रश्न काढून घ्यायचा, अशी सवय काही विद्यार्थ्यांना असते. गृहपाठ करून घेतल्याचा मागमूस राहू नये म्हणून. हा नियम त्यांच्यासाठीही आहे. तुमची अडचण त्यांच्यासारखी नाही, हे मला समजतं.

टिंबं टाकण्याबद्दल एवढंच सांगते, की तो प्रकार पुन्हा करू नका. तिथे त्याला स्वतःच्याच लिखाणाची नासधूस समजतात. मजकूर परत आणतात आणि माणूस ऐकलाच नाही तर खातं काही दिवस गोठवतात. शिवाय जुना मजकूर बदलांच्या इतिहासात एका क्लिकवर दिसतच असतो, म्हणजे टिंबं टाकूनही काही लपत नाही.

आता हक्काबद्दल. लिखाण तुमचं आहे, हे खरंच आहे. तिथे लिहिल्याने कॉपीराइट साइटकडे जात नाही. तुम्ही तोच मजकूर उद्या स्वतःच्या पुस्तकात छापलात तरी कोणी अडवणार नाही. पण खातं उघडताना ज्या अटी मान्य केल्यात, त्यात तुम्ही जगातल्या सगळ्यांना एक परवानगी देऊन ठेवली आहे: हे लिखाण कोणीही वापरावं, बदलावं, पुन्हा प्रसिद्ध करावं, फक्त लेखकाचं श्रेय द्यावं आणि बदललेलं लिखाण त्याच अटींवर पुढे द्यावं. हा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना. प्रश्नाखालच्या `Share` वर क्लिक केलंत की तो तिथेच लिहिलेला दिसेल. 8 एप्रिल 2011 च्या आधीच्या लिखाणाला `CC BY-SA 2.5` लागू आहे, तेव्हापासून 2 मे 2018 पर्यंतच्या लिखाणाला `3.0`, आणि त्यानंतरच्या लिखाणाला `4.0`. तुमचा 2017 चा प्रश्न मधल्या गटात बसतो.

या तिन्ही आवृत्त्यांत एक गोष्ट सारखी आहे. दिलेली परवानगी परत घेता येत नाही. `3.0` च्या सातव्या कलमात ती कॉपीराइटची मुदत असेपर्यंतची आहे असं म्हटलं आहे. त्याच कलमात पुढे असंही आहे, की लेखक स्वतः ते लिखाण वाटणं कधीही थांबवू शकतो, पण त्याने आधी दिलेला परवाना रद्द होत नाही. `4.0` मध्ये तर परवाना परत घेता येत नसल्याचं सरळ शब्दांत लिहिलं आहे. हे मुद्दाम असं केलेलं आहे. ज्याने तुमचं उत्तर वाचून आपल्या वहीत, पाठ्यपुस्तकात किंवा प्रकल्पात घेतलं, त्याच्या पायाखालची जमीन पुढे कधीतरी सरकू नये, हा त्यामागचा विचार.

इथे पुष्कळांची एक गल्लत होते, आणि तुमच्या पत्रातही मला तिचा वास येतो. परवान्यामुळे साइटला तो मजकूर ठेवण्याची मुभा मिळते, सक्ती होत नाही. उद्या मॉडरेटरांनी ठरवलं तर ते तुमचा प्रश्न काढू शकतात, परवाना त्यांचे हात बांधत नाही. म्हणजे "परवान्यामुळे काढता येत नाही" हे अर्धंच खरं आहे. काढायचं की नाही हे साइटचे स्वतःचे नियम ठरवतात. परवाना एवढंच करतो, की तुम्ही "माझा कॉपीराइट आहे, काढा" असं बजावलंत तर त्याला कायद्याचा जोर उरत नाही. म्हणून भांडायचं असेल तर हक्काच्या भाषेत भांडू नका. नेमकी अडचण सांगा. मॉडरेटर तिथे स्वयंसेवक असतात आणि "इथे एका ग्राहकाचं नाव चुकून आलं आहे" ही अडचण त्यांनी पुष्कळदा पाहिलेली असते.

तुमच्या पत्रात आणखी एक बाजू आहे, जी तुम्ही पाहिलेली दिसत नाही. प्रश्नातलं तुमचं वाक्य तुमचं, पण तो कोड कोणाचा? भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. म्हणजे तो तुकडा तुम्ही कंपनीच्या कामात लिहिला असेल, तर तो सगळ्यांना वापरायला देण्याची परवानगी तुमच्याकडे नव्हतीच. जे आपलं नाही, त्याचा परवाना आपण देऊ शकत नाही. अशा वेळी कंपनी स्वतः साइटकडे कॉपीराइटची रीतसर तक्रार करू शकते आणि त्यासाठीची सोय साइटवर आहे. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही, आणि चार ओळींसाठी कंपनीने लगेच तिथवर जावं असंही म्हणत नाही. पण "हक्क माझा" म्हणून तुम्ही ज्या जागी उभ्या आहात, ती जागा कंपनीची असू शकते. म्हणून पुढचं पाऊल शांतपणे टाका.

ते पाऊल असं. आधी प्रश्न उघडून `Edit` करा आणि कोडमधली खरी नावं बदलून सर्वसाधारण नावं घाला. प्रश्नाचा अर्थ मात्र तसाच राहिला पाहिजे. समजा मूळ ओळ अशी आहे (इथली नावं मी बनवलेली आहेत):

```sql
SELECT AC_NO, BAL FROM ABCBANK_LOAN_MST WHERE BR_CD = '0412'
```

ती अशी होईल:

```sql
SELECT id, amount FROM loans WHERE branch_id = 1
```

अडचण तीच राहिली, उत्तरंही लागू राहिली आणि ओळख पटवणारं काही उरलं नाही. असा बदल साइटला आवडतो, कारण त्याने प्रश्न अधिक सोपा होतो. बदलाचं कारण लिहायची जागा खाली असते. तिथे "ग्राहकाचं नाव काढलं" असं लिहू नका, कारण ती ओळ सगळ्यांना दिसते आणि लोक नेमकं तेच शोधायला जातात. उदाहरण सोपं केलं, एवढं इंग्रजीत लिहिलंत की पुरे. तेही खरंच आहे.

एवढ्याने काम झालं नाही. जुनी आवृत्ती इतिहासात आहे. तुमच्या टिंबांच्या आधीची आहे, आणि परत आणलेली आहे ती वेगळीच. आता प्रश्नाखालच्या `Flag` वर जा. तिथल्या यादीत मॉडरेटरने लक्ष घालावं असं सांगणारा पर्याय आहे, तो निवडा, आणि साध्या इंग्रजीत लिहा की अमुक आवृत्त्यांमध्ये गोपनीय माहिती चुकून आली आहे, सध्याचा मजकूर मी दुरुस्त केला आहे, जुन्या आवृत्त्यांमधून ती कायमची झाकावी. आवृत्त्यांचे क्रमांक द्या. मॉडरेटर तो भाग इतिहासातून खोडतात. त्यानंतर 10,000 रेप्युटेशनवाल्यांनाही तो दिसत नाही. मघाशी `Delete` पेक्षा पक्कं म्हटलं ते हेच.

एका ठिकाणी जवळपास सगळेच चुकतात. उत्तर देणारे प्रश्नातला कोड आपल्या उत्तरात तसाच उचलून घेतात. त्यामुळे `ABCBANK_LOAN_MST` तुमच्या प्रश्नातून गेलं, तरी खाली स्वीकारलेल्या उत्तरात ते बसून असतं, आणि कधी एखाद्या टिप्पणीतही. ती सगळी जागा एकदा वरपासून खालपर्यंत वाचा. ब्राउझरमध्ये शोध लावून ते नाव किती वेळा येतं ते बघा. दुसऱ्याच्या उत्तरात स्वतः बदल सुचवायला जाऊ नका. रेप्युटेशन 2,000 च्या खाली असेल तर तो बदल आधी इतरांच्या तपासणीला जातो, म्हणजे ते नाव आणखी चार माणसांच्या डोळ्यांखालून जाणार, आणि नाकारला गेला तरी सूचना नोंदीत राहणार. त्यापेक्षा त्याच फ्लॅगमध्ये लिहा की उत्तर क्रमांक अमुक आणि अमुक टिप्पणी यांतही तेच नाव आहे. प्रश्नात स्क्रीनशॉट असेल तर तोही सांगा. चित्र मजकुरातून काढलं तरी ज्या पत्त्यावर ते साठवलेलं असतं तिथे ते उघडत राहतं.

कोडमध्ये पासवर्ड, सर्व्हरचा पत्ता किंवा कुठली गुप्त किल्ली होती का, हे आत्ताच तपासा. असेल तर वरचं सगळं नंतर, आधी ती बदलून घ्या. जे इतकी वर्षं जाहीर होतं, ते कोणीतरी पाहिलं असं धरूनच चालायचं. खऱ्या ग्राहकाचे खाते क्रमांक किंवा नावं असतील तर मॉडरेटरला कळवण्याबरोबरच त्याच दिवशी तुमच्या वरिष्ठांनाही सांगा. नुसती टेबलांची नावं असतील तर आधी साफसफाई करून मग सांगितलंत तरी चालेल. पण सांगा. उद्या ग्राहकाने स्वतः शोधून काढलं तर तुमच्याकडून आधी कळलेलं असणं फार उपयोगी पडतं.

यानंतरही काही प्रती बाहेर राहतील, हे मान्य करावं लागेल. स्टॅक ओव्हरफ्लो 2009 पासून आपला सगळा जाहीर मजकूर ठराविक काळाने एकत्र करून उतरवून घ्यायला देत आला आहे, आणि परवाना तसाच असल्याने ते वैधही आहे. अनेक साइट्स तोच मजकूर उचलून स्वतःच्या पानांवर लावतात. आज तुम्ही केलेली दुरुस्ती पुढच्या संचांत दिसेल, जुन्यांत नाही. गूगलवर त्या नावाचा शोध घ्या. स्टॅक ओव्हरफ्लोचं पान बदलूनही शोधाच्या निकालात जुनी ओळ दिसत असेल, तर गूगलचं `Refresh Outdated Content` हे साधन वापरून ती ताजी करून घेता येते. ज्या दुसऱ्या साइट्सवर प्रत दिसेल, त्यांना एक एक मेल करा. तिथेही "माझा कॉपीराइट" म्हणून नको, गोपनीय नाव चुकून आलं आहे म्हणून विनंती करा. काही ऐकतील, काही उत्तरही देणार नाहीत.

तुमच्या स्वतःच्या नावाबद्दल मात्र परवाना तुमच्या बाजूचा आहे. श्रेय देणं ही जशी वापरणाऱ्याची अट आहे, तसं लेखकाने नको म्हटलं तर शक्य तितकं त्याचं नाव काढणं हीसुद्धा अट आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवर हे साइटच्या संपर्क फॉर्ममधून होतं. विशिष्ट प्रश्न किंवा उत्तर माझ्या खात्यापासून वेगळं करा, अशी विनंती करायची. मग तिथे तुमच्या नावाच्या जागी `user` आणि पुढे एक आकडा असं काहीतरी दिसतं. मजकूर राहतो, तुम्ही त्यापासून सुटता, आणि त्यातून मिळालेलं रेप्युटेशन जातं. यात क्रम महत्त्वाचा आहे: एकदा वेगळं झालं की साइटवरच्या त्या पोस्टवर तुमचा ताबा उरत नाही, म्हणून सगळी दुरुस्ती आणि फ्लॅगचं काम आटपल्याशिवाय ही विनंती करू नका. खातं बंद करण्यानेही शेवटी एवढंच होतं, फक्त एका पोस्टऐवजी सगळ्यांच्या बाबतीत. सगळ्यावरच पाणी सोडायचं नसेल तर खात्यावर दिसणारं नाव बदलणंही पुरेल. फक्त टिप्पण्यांत कोणी `@` लावून तुमचं जुनं नाव घेतलं असेल, तर ते आपोआप बदलत नाही.

कोणी तुम्हाला नव्या विदा संरक्षण कायद्याचा आधार घ्या असं सुचवेल. 2023 च्या त्या कायद्यात माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे, पण जी वैयक्तिक माहिती तुम्ही स्वतः जाहीर केलीत तिला तो कायदा लागू नाही, असं त्याच्या तिसऱ्या कलमातच म्हटलं आहे. जाहीर प्रश्नाखाली स्वतः घातलेलं नाव त्यात मोडतं. त्या वाटेवर वेळ घालवू नका.

आता ते चुकीचं उत्तर. स्वीकारलेलं उत्तर लिहिणाऱ्याला काढता येत नाही. ज्याने स्वीकारलं त्याला टिप्पणीत लिहून बघा, की माझं उत्तर आता बरोबर नाही, दुसरं कुठलं तरी स्वीकाराल का? त्याने खूण हलवली की तुमचं `Delete` चालेल. पण इतक्या जुन्या प्रश्नाचा मालक तिथे अजून येत असेलच असं नाही. आणि चूक आहे म्हणून मॉडरेटरला फ्लॅग केलात तर तो बहुधा नाकारला जाईल. बरोबर-चूक ठरवणं मतांचं काम, असं तिथे मानतात. माझं मत विचाराल तर ते उत्तर काढूच नका, दुरुस्त करा. पहिल्याच ओळीत लिहा की ही पद्धत अमुक आवृत्तीपर्यंतच चालायची किंवा मुळातच चुकीची होती, त्याचं कारण द्या, आणि खाली बरोबर कोड घाला. आपल्याच उत्तरावर तुम्हाला कोणाच्या परवानगीची गरज नाही. स्वीकारलेलं उत्तर ठळक दिसतं, म्हणजे चुकीच्या वाटेने जाणाऱ्याला वळवायची सगळ्यात चांगली जागा तुमच्याच ताब्यात आहे.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: प्रश्न टाकल्यावर लगेच काही खटकलं, तर थांबू नका. टाकल्यापासून 5 मिनिटांच्या आत केलेला बदल, मध्ये कोणी टिप्पणी किंवा उत्तर दिलेलं नसेल तर, वेगळी आवृत्ती म्हणून नोंदला जात नाही. उत्तर येईपर्यंत `Delete` सुद्धा चालतं, आणि एकच उत्तर येऊन त्याला कोणी वरचं मत दिलेलं नसेल आणि तुम्ही ते स्वीकारलेलं नसेल तरी चालतं. त्यापुढे दार बंद होत जातं. ऑफिसातला कोड चिकटवण्याआधी तो एका रिकाम्या फाइलमध्ये आणून नावं बदला, आणि त्या बदललेल्या कोडनेही तीच चूक येते का ते चालवून बघा. पुष्कळदा हे करतानाच चूक सापडते आणि प्रश्न टाकायची वेळच येत नाही.